बंद मोटरचं व्होल्टेज

गोराईच्या एका वाडीत रस्त्यालगतची विहीर उन्हाळ्यात मचूळ व्हायला लागली, म्हणून पंप उचलून आतल्या बाजूच्या गोड्या विहिरीवर नेला. मोटर तीच: ५ एचपी, थ्री फेज मोनोब्लॉक. स्टार्टर आणि पॅनेलही तेच. मीटर मात्र रस्त्यावरच राहिला. आधी मीटरपासून पंपापर्यंत ६० मीटर वायर होती, आता ३१० मीटर झाली. जुनी अडीच एमएमची तांब्याची केबल होतीच, तिला तशीच आणखी २५० मीटर जोडली. मध्ये पिळून सांधा केला आणि वर काळी टेप गुंडाळली.

त्यानंतर दिवसा मोटर नीट चालायची. संध्याकाळी सातच्या सुमारास बटण दाबलं की मोटर फिरायची, पाण्याची धार टाकीत पडायची आणि दहा-पंधरा सेकंदांत खट. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की मोटर तोडणाऱ्या पॅनेलच्या रिलेवर ‘लो व्होल्टेज’चा दिवा लागायचा. पंपवाले काका लगेच रिलेचा आकडा बघायचे, तर तिथे ३८७. रिलेची मर्यादा ३६० वर लावलेली. म्हणजे व्होल्टेज मर्यादेच्या चांगलं २७ वर, तरी रिले म्हणतोय कमी आहे. काकांनी आधी रिलेला दोष दिला आणि बदलला. नवाही तेच करू लागला. मग दोष लाइनवर गेला: संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि एसी चालू होतात, वरूनच दाब कमी येतो.

रिले खरं बोलत होता आणि काकांनी वाचलेला आकडाही खरा होता. फरक एवढाच की रिलेने मोटर चालू असतानाचं व्होल्टेज मोजलं आणि काकांनी ती बंद पडल्यानंतरचं. वायरमध्ये विजेचा दाब खर्च होतो तो त्यातून करंट जात असेल तेव्हाच. मोटर बंद, करंट शून्य, मग ३१० मीटर लांब वायर असो की केसाएवढी बारीक, दोन्ही टोकांना आकडा सारखाच दिसणार. नळ बंद असताना अर्ध्या इंचाच्या लांब पाइपातही टाकीचा पूर्ण दाब असतो. नळ सोडल्यावरच धार बारीक का ते कळतं. रिलेने मोटर तोडली की त्याच क्षणी पुरावाही नाहीसा होत होता.

बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने आलेल्या वायरमनने म्हणून पहिलं काम केलं ते दोन टोकांना दोन माणसं उभी करण्याचं. एक मल्टिमीटर रस्त्यावरच्या मीटरपाशी, दुसरा पंपाच्या पॅनेलमध्ये, आणि दोघांच्या कानाला फोन. (चालू लाइनवर असं मोजणं हे परवानाधारक वायरमनचंच काम आहे. पायाखाली रबरी मॅट हवी, मीटरच्या पिना धड हव्यात आणि ओल्या जमिनीवर तर हे अजिबात करू नये.) रिलेला तोडायला काही सेकंद लागत होते, तेवढ्यात आकडे घ्यायचे.

मोटर बंद असताना दोन्हीकडे ३८७ दिसले. मोटर चालू केल्यावर रस्त्यावर ३८५, म्हणजे मोटरचा भार पडूनही लाइन फक्त २ व्होल्टने खाली आली. लाइन अशक्त असती तर पडझड इथेच दिसली असती. तिथे वरून येणारा दाब संध्याकाळी थोडा कमी होता हे खरं. आपल्याकडे थ्री फेजचा ठरलेला दाब ४१५ व्होल्ट. भारतीय विद्युत नियम, १९५६ ने कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांची घटवाढ मान्य केली होती. त्या हिशेबाने खालची हद्द ३९० होते. तेव्हा तक्रार करायला जागा होती, पण ३-५ व्होल्टपुरतीच.

थ्री फेजच्या आर, वाय आणि बी या तीन तारांपैकी दोन-दोन तारांमध्ये मोजलेले पॅनेलमधले आकडे मात्र वेगळे निघाले. वाय-बी ३५७, आर-वाय ३५१ आणि बी-आर ३४५. या तीन आकड्यांतच सगळा उलगडा आहे, पण ते सुटे करून वाचावे लागतात.

आधी वाय-बी घेऊ, कारण ती सगळ्यांत बरी जोडी आहे. रस्त्यावर ३८५, पंपावर ३५७, म्हणजे वाटेत २८ व्होल्ट गेले. हे अडीच एमएमच्या वायरीनेच खाल्ले का, याचा हिशेब कागदावर होतो. अडीच एमएम तांब्याच्या वायरीचा रोध एका किलोमीटरला ७.४१ ओहम असतो, म्हणून ३१० मीटरला सुमारे २.३ ओहम. क्लॅम्प मीटरने करंट सरासरी ८.४ अँपिअर दाखवला. मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटमधला कामाचा भाग, ०.८५ धरला, तर थ्री फेजमध्ये पडणारं व्होल्टेज असं निघतं:

१.७३ × ८.४ × २.३ × ०.८५ = २८ व्होल्ट

कागदावरचे २८ आणि मीटरवरचे २८ जुळले. या जोडीत वायरीच्या रोधाखेरीज दुसरी भानगड नाही, हे त्यावरून ठरलं. उन्हात तापलेल्या वायरीचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. दुपारी मोजलं असतं तर हिशेब दोन-तीन व्होल्टने हलला असता, एवढाच फरक.

आता उरलेल्या दोन जोड्या बघू. दोन्हींत व्होल्टेज जादा पडलंय आणि दोन्हींत समान आहे तो आर फेज. आर ज्या जोडीत नाही तीच निरोगी. म्हणजे आर फेजच्या वायरीत कुठेतरी आणखी रोध बसलाय. दोन्ही जोड्यांत घट सारखी दिसली नाही, कारण थ्री फेजमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे असतो आणि एकाच फेजमधल्या रोधाचा परिणाम दोन जोड्यांत वेगवेगळ्या कोनातून पडतो. जास्त पडलेला आकडा खऱ्या नुकसानाच्या जवळ धरायचा. इथे ३५७ वजा ३४५, म्हणजे १२ व्होल्ट.

पूर्ण फेजमध्ये संशयाची जागा एकच होती, तो मधला पिळून केलेला सांधा. मेन स्विच पाडला, फ्यूज काढून वायरमनने खिशात ठेवले (कुणी मध्येच चालू करू नये म्हणून), टेस्टरने खात्री केली आणि टेप सोडली. वाय आणि बी फेजचे सांधे काळपट पण घट्ट होते. आर फेजची टेप आतून करपून कडक झाली होती, सोलताना तिचे तुकडे पडले. खाली तांब्यावर हिरवी भुकटी साचली होती आणि बोटाने दाबल्यावर चार-पाच तारा तुटून हातात आल्या. समुद्रावरची खारी, दमट हवा सैल टेपमधून आत शिरली. तांब्याच्या तारांवर थर बसला आणि तारा एकमेकींना टेकायच्या तेवढ्याच जागेवर वीज वाहण्यायोग्य धातू कमी होत गेला. १२ व्होल्ट गुणिले ८.४ अँपिअर म्हणजे सुमारे १०० वॉट. जुना शंभराचा बल्ब जेवढा तापतो तेवढी उष्णता त्या बोटभर सांध्यात निघत होती. उष्णतेने थर वाढायचा, थर वाढल्यावर उष्णता वाढायची.

सांधा कापून टाकला, तारा घासून लख्ख केल्या आणि तिन्ही फेजना तांब्याच्या नळ्या घालून क्रिम्प केलं. संध्याकाळी मोटर लावली. तिन्ही जोड्या ३५७ वर आल्या आणि मोटर पुन्हा ट्रिप झाली.

इथे बरीच माणसं चुकतात. सांधा सापडला, जळका होता, म्हणजे दोष मिळाला असं वाटतं. पण कागदावरच्या हिशेबाने आधीच सांगितलं होतं की सांधा नवा केला तरी २८ व्होल्ट वायरीत जाणारच. ३८५ मधून २८ गेले की ३५७ उरतात आणि रिले ३६० ला तोडतो. दिवसा रस्त्यावर ४१० असायचे, त्यातून २६-२७ गेले तरी ३८३ उरायचे, म्हणून दिवसा काहीच कळत नव्हतं. संध्याकाळची २५ व्होल्टची घट आणि वायरीतली २८ व्होल्टची घट एकत्र आली की मोटर बंद पडायची.

काकांनी मग साधा प्रश्न विचारला, “रिले ३६० चा ३३० वर आणला तर?” मोटर चालली असती. पण पंपाला पाणी वर चढवायला जेवढी शक्ती लागते तेवढी तो घेतोच. व्होल्टेज कमी मिळालं की करंट वाढवून घेतो. या मोटरच्या पाटीवर ७.५ अँपिअर लिहिलंय आणि संध्याकाळी ती ८.४ खेचत होती. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती इथे पाटीच्या हिशेबाने सव्वापट झाली होती. शिवाय मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. सुरू होतानाचा जबर करंट त्याच बारीक वायरीतून यायचा, तेव्हा मोटरपाशी क्षणभर ३१० च्या आसपासच उरायचे. जोर निम्म्याला थोडा वर. रिलेची मर्यादा खाली आणणं म्हणजे वाइंडिंग जाळण्याची तारीख ठरवणं, असं मी स्पष्टच म्हणेन.

दुसरा सल्ला शेजाऱ्यांचा होता, कपॅसिटर लावा. कपॅसिटरने वायरीतला करंट थोडा कमी होतो आणि वायरीचं तापणंही, हे खरं. पण बारीक, लांब वायरीतली व्होल्टेजची घट मुख्यतः करंटच्या कामाच्या भागामुळे होते आणि तो भाग कपॅसिटर कमी करत नाही. ३५७ चे फार तर एक-दोनने वाढले असते.

उपाय उरला वायर जाड करण्याचा. सहा एमएम तांब्याचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम आणि दहा एमएम अॅल्युमिनियमचाही बरोबर तेवढाच. ३१० मीटरला अॅल्युमिनियम बरंच स्वस्त पडतं, म्हणून लोहार चाळीतून दहा एमएमची अॅल्युमिनियम आर्मर्ड केबल आणली. एकाच ड्रमवरून, अखंड, मध्ये सांधा नाही. पाऊण मीटर खोल चरात वाळूवर टाकली. अॅल्युमिनियम तांब्याच्या टर्मिनलला थेट भिडवलं तर खाऱ्या हवेत ते झपाट्याने कुरतडलं जातं, म्हणून दोन्ही टोकांना एका बाजूने अॅल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूने तांबं असलेले बायमेटल लग घातले. लग घालण्याआधी तारा ब्रशने घासून लगेच सांध्याची पेस्ट लावली, कारण घासलेल्या अॅल्युमिनियमवर काही क्षणांतच पुन्हा थर धरतो.

नव्या वायरीचा रोध ०.९५ ओहम, घट ११ व्होल्ट. त्या संध्याकाळी रस्त्यावर ३८५ आणि पॅनेलमध्ये तिन्ही जोड्या ३७४ आल्या. रिलेची मर्यादा ३६० वरच ठेवली आणि टाकी भरेपर्यंत मोटर चालली. जुन्या वायरीत जवळजवळ अर्धा किलोवॉट नुसता तापण्यात जात होता, तो आता दोनशे वॉटच्याही खाली आला.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला काकांनी खडूने दोन आकडे लिहिलेत: ‘बंद ३८७, चालू ३७४’. रोजचं व्होल्टेज वरखाली होतं, पण या दोनांतलं अंतर १३ च्या आसपास राहायला हवं. ते वीसपर्यंत गेलं तर एखादं टोक सैल झालंय, आणि एकाच फेजच्या दोन जोड्यांत गेलं तर कोणत्या फेजचं तेही तिथल्या तिथे कळतं.