बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बदल हवा असेल तर
(आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

"एवढंसं तर आहे, फोनवरच करून टाका ना!" हे आम्ही रोज ऐकतो. तरीही आम्ही फॉर्म मागतो आणि बदल बुधवारच्या चेंज बोर्डापुढे, म्हणजे मागण्या तपासणाऱ्या बैठकीपुढे ठेवतो. का, ते मशीद बंदरच्या एका घाऊक तूप विक्रेत्याच्या उदाहरणावरून सांगतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्यांच्या फॉर्मवर मागणी होती: "आयटम मास्टरमध्ये तुपाचा दर ५ करा." दिसायला दोन मिनिटांचं काम.

बोर्डात आमचा प्रोग्रामर, सपोर्टच्या ताई आणि ग्राहकाचे अकाउंटंट असे तिघे बसतात. प्रत्येक मागणीला आम्ही तेच प्रश्न विचारतो: या बदलाने आणखी कोणती स्क्रीन, कोणता रिपोर्ट हलेल? जुन्या नोंदींना धक्का लागेल का? फसलं तर मागे कसं यायचं? खर्चाचा प्रश्न शेवटी येतो.

दुसऱ्या प्रश्नावर अकाउंटंट थबकले. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेलं तूप दुकानदाराने ऑक्टोबरमध्ये परत केलं, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने निघायला हवी. सॉफ्टवेअर मात्र दर मास्टरमधून उचलत होतं. म्हणजे १०,००० रुपयांच्या मालावर १,२०० ऐवजी ५०० रुपयेच कर परत दाखवला गेला असता. दुकानदाराच्या खात्यात ७०० रुपये कमी, आणि चूक कळली असती ती रिटर्न भरताना.

म्हणून निर्णय "सशर्त मंजूर" झाला. लॉगमध्ये, म्हणजे आमच्या निर्णयांच्या नोंदवहीत, तो असा आहे:

मागणी: तुपाचा दर ५ टक्के.
निर्णय: सशर्त मंजूर.
अट: दरासोबत "लागू तारीख" ठेवावी, क्रेडिट नोटने मूळ बिलाचा दर घ्यावा.
तपासणी: जुन्या आणि नव्या तारखेचं एकेक बिल, दोन्हींची परती.
मागे येण्याची सोय: रविवारी रात्रीचा बॅकअप.

लॉगमधली ओळ आम्ही कधीच खोडत नाही. निर्णय फिरला तर खाली नवी ओळ येते, कारणासकट. नाकारलेल्या मागण्याही तिथेच राहतात, कारण सहा महिन्यांनी तीच मागणी पुन्हा येते. तुमच्या मागण्यांचा लॉग तुम्ही केव्हाही मागू शकता.

फॉर्म एका पानाचा आहे. "काय बदलायचं" यापेक्षा "आज काय अडतंय" हा रकाना नीट भरा, आणि जिथे अडलं त्या बिलाचा नंबर जरूर लिहा. उपाय आम्हाला शोधता येतो. तुमची अडचण मात्र तुम्हीच सांगू शकता.

काउंटरवर बिलच निघत नसेल तर बुधवारची वाट पाहू नका, लगेच फोन करा. दुरुस्ती आधी होईल, फॉर्म आणि लॉगची नोंद दुसऱ्या दिवशी.