बाटली तरंगते का? सावलीच्या कडेचं गणित

‘वस्तूचा फोटो टाका, हवी ती पार्श्वभूमी एका क्लिकवर मिळवा’ अशा जाहिराती सध्या जिकडेतिकडे दिसतात. पार्श्वभूमी मिळते, त्याबद्दल वाद नाही. दगडी कठडा, त्यावर संध्याकाळचं ऊन, मागे धूसर डोंगर, सगळं झकास. फक्त कठड्यावरची शाम्पूची बाटली कापून चिकटवल्यासारखी वाटते आणि नीट पाहिलं तर दगडापासून बोटभर वर तरंगते.

‘उजेडाची दिशा चुकली असणार,’ असं बहुतेक जण म्हणतात. गंमत म्हणजे दिशेच्या बाबतीत आपले डोळे बरेच ढिले आहेत. ऑस्ट्रोव्स्की, कॅव्हाना आणि पवन सिन्हा यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनेक वस्तूंच्या चित्रातून वेगळ्या दिशेने उजळलेली एकच वस्तू शोधायची होती. वस्तू वेड्यावाकड्या ठेवल्या की हे काम चांगलंच अवघड जायचं. सावलीच्या जागेबाबत मात्र आपण फार हळवे आहोत. कर्स्टन, मामासियन आणि निल यांच्या १९९७ च्या प्रयोगात चेंडूची पडद्यावरची वाट तीच ठेवून फक्त सावलीची वाट बदलली. तेवढ्यानेच चेंडू कधी जमिनीवरून सरकताना, तर कधी हवेत चढताना दिसू लागला. वस्तू कुठे टेकली आहे, हे आपण सावलीला विचारतो.

म्हणून सावलीकडेच जरा निवांत पाहू. आपली बाटली २० सेंमी उंच, ६ सेंमी रुंद आणि अपारदर्शक आहे असं धरू. स्टुडिओत तिच्या डावीकडे १२० सेंमीवर ६० सेंमी रुंदीचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरं कापड लावलेला मऊ उजेडाचा दिवा, होता. नव्या पार्श्वभूमीत सूर्य उजवीकडे, क्षितिजापासून ३० अंश वर आहे. तेव्हा सावली डावीकडे साधारण ३५ सेंमी लांब पडायला हवी (उंची भागिले ३० अंशांचा टॅन). इथवर शाळेतली भूमिती पुरते. खरी मजा सावलीच्या कडेत आहे.

ग्रहणाच्या धड्यातली प्रच्छाया आणि उपच्छाया आठवत असेल. दिवा बिंदूएवढा नसेल, तर सावलीच्या कडेला असा पट्टा तयार होतो की जिथून दिव्याचा काही भाग दिसतो आणि काही झाकलेला असतो. ही उपच्छाया. वस्तूच्या कडेपासून जमिनीपर्यंत किरण जेवढं अंतर कापतो, त्या अंतराला दिव्याच्या कोनीय आकाराने गुणलं की पट्ट्याची रुंदी मिळते. आकाशात सूर्याचा व्यास सुमारे अर्धा अंश, म्हणजे त्या अंतराच्या १०८ व्या भागाइतका. आपल्या सॉफ्टबॉक्ससाठी हेच प्रमाण ६० भागिले १२०, म्हणजे निम्मं.

आता बुडापासून १ सेंमी वरची बाटलीची कड घ्या. ३० अंशांचा किरण तिथून जमिनीवर पोचेपर्यंत २ सेंमी जातो. उन्हात तिथल्या सावलीची कड ०.२ मिमी पसरेल, म्हणजे जवळपास रेघच. त्याच ३० अंशांतून येणाऱ्या सॉफ्टबॉक्सच्या प्रकाशात ती १ सेंमी पसरेल. बाटलीच्या माथ्यापासून किरण ४० सेंमी जातो. उन्हात सावलीची बाजूची कड तिथेही चार मिलिमीटरच्या आतच राहते. सॉफ्टबॉक्सने मात्र ती २० सेंमी पसरते, म्हणजे बाटलीच्या रुंदीच्या तिप्पटीहून जास्त! खरं तर १२-१३ सेंमीच्या पुढे प्रच्छाया उरतच नाही, दिवा दोन्ही बाजूंनी डोकावू लागतो. कंकणाकृती ग्रहणात चंद्राभोवती सूर्याची कडी दिसते, ती याच कारणाने.

यावरून दोन गोष्टी हाती लागतात. एक, सावली बुडाशी रेखीव आणि टोकाकडे पसरट असते. सॉफ्टवेअरमधली तयार ‘ड्रॉप शॅडो’ सगळीकडे एकसारखी ब्लर केलेली असते. ती बुडाशीही धूसर राहते आणि तरंगणाऱ्या बाटलीचं गुपित तिथेच असतं. त्यावर उपाय म्हणून बुडाला चिकटून एक बारीक, गडद रेघ वेगळी काढावी लागते. तिथल्या फटीत कुठल्याच बाजूचा उजेड शिरत नाही. दुसरी गोष्ट, आपल्या बाटलीवर सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब उभ्या रुंद पट्ट्यासारखं चमकतंय. उन्हात तिथे अरुंद, झगझगीत रेघ दिसली असती. सावली कितीही कोरीव काढली तरी हा पट्टा चुगली करणारच.

म्हणून माझं मत असं की वस्तूला पार्श्वभूमीच्या मागे पळवू नये, पार्श्वभूमीने वस्तूचं ऐकावं. ती तर तयारच करायची आहे! आधी बाटलीवरचा चमकता पट्टा आणि तिची उजळ बाजू पाहायची आणि ‘डावीकडच्या मोठ्या खिडकीतून येणारा मऊ उजेड’ अशी पार्श्वभूमी मागायची. तरीही उजेड उजवीकडून आला, तर पार्श्वभूमी आडवी उलटवायची. बाटली उलटवली, तर लेबलवरची अक्षरं उलटी होतात.

रंगाचंही तसंच. सावली काळी नसते, मुख्य दिवा झाकला गेल्यावर उरलेल्या उजेडाचा रंग तिला असतो. निरभ्र उन्हात तो उजेड आकाशाचा, म्हणून निळसर. पार्श्वभूमीतच एखादी सावली असेल, तर तिथला दगड आणि उन्हातला दगड यांचं लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या आकड्यांचं गुणोत्तर वेगवेगळं काढायचं. समजा ते ०.२०, ०.२५ आणि ०.३५ आलं. मग बाटलीच्या पूर्ण सावलीतल्या दगडाला याच आकड्यांनी गुणायचं, उपच्छायेत ते हळूहळू १ कडे न्यायचे.

इथे एक खाच आहे. पडद्यावरचे ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. २५५ च्या निम्मा प्रकाश म्हणजे १२८ नव्हे, सुमारे १८८. त्यामुळे गुणोत्तर काढणं, ब्लर करणं, कडा मिसळणं ही सगळी कामं आकडे सरळ प्रमाणात आणून, म्हणजे ‘लिनियर’ करून करायची आणि शेवटी परत फिरवायचे. नाहीतर उपच्छाया हवी त्यापेक्षा काळवंडते आणि कापलेल्या बाटलीभोवती मळकट किनार येते.

तपासणी सोपी आहे. सावलीवरचा एक ठळक बिंदू आणि बाटलीवरचा त्याचा जोडीदार (उदाहरणार्थ, झाकणाचा कोपरा) यांना जोडणारी रेघ वाढवायची. दिवा एकच असेल, तर चित्रातल्या सगळ्या वस्तूंच्या अशा रेघा एकाच बिंदूत भेटायला हव्यात. मात्र चित्रात सावल्या एकमेकींना समांतर दिसल्याच पाहिजेत, असं मुळीच नाही. उंचसखल जमीन आणि पर्स्पेक्टिव्ह यांमुळे त्या तिरप्या दिसतात. चंद्रावरच्या अपोलो फोटोंना ‘सावल्या समांतर नाहीत, म्हणजे बनावट’ म्हणणारे नेमकं हेच विसरतात.

हे सगळं अपारदर्शक बाटलीपुरतं. काचेची असेल, तर काचेतून स्टुडिओतला जुना पांढरा कागद वाकून दिसत राहतो, शिवाय सावलीच्या मध्ये काचेने एकवटलेल्या प्रकाशाच्या उजळ रेघा पडतात. त्या ब्लर आणि गुणाकाराने येत नाहीत. तिथे नव्या पार्श्वभूमीशी जुळणाऱ्या रंगाचा कागद मागे लावून, दिवा योग्य बाजूला ठेवून फोटो पुन्हा काढणंच कमी कटकटीचं.