हिश्श्याचा हिस्सा: भागप्रभागापासून टक्क्यापर्यंत

एकूण रकमेतून तीस टक्के बाजूला काढले आणि त्या तीस टक्क्यांचे पुन्हा वीस टक्के घेतले, तर मूळ एकूणाचे सहा टक्के हाती येतात. हिशेब एका ओळीचा, पण उत्तरे मात्र तऱ्हेतऱ्हेची मिळतात. कोणी पन्नास टक्के म्हणतो, कोणी दहा, कोणी सहाशे, तर कोणी ०.०६ टक्के. या चुका मला योगायोगाच्या वाटत नाहीत. हिश्श्याच्या हिश्श्यात खरे काम छेदात चालते, आणि टक्क्याच्या लिखाणात छेदच दिसत नाही. जुन्या गणितात तो उघड्यावर होता. तो झाकला कसा गेला, हे पाहिले की यातली प्रत्येक चूक कुठून येते तेही कळते.

अशा हिशेबाचा फार जुना लेखी पुरावा इजिप्तमध्ये आहे. ऱ्हिंड पपायरस या नावाने ओळखली जाणारी गुंडाळी आहमोस नावाच्या लेखनिकाने इ.स.पू. १५५०च्या सुमारास उतरवून घेतली. मूळ मजकूर त्याहूनही जुना असल्याचे तो स्वतःच सांगतो. तिच्यातल्या ६१व्या उदाहरणात अपूर्णांकांच्या अपूर्णांकांचे कोष्टकच दिले आहे. इजिप्शियन लोक दोन तृतीयांश सोडला तर सहसा अंश १ असलेलेच अपूर्णांक लिहीत. म्हणून दोन तृतीयांशाचा दोन तृतीयांश त्यांनी १/३ आणि १/९ अशा दोन तुकड्यांत लिहिला. बेरीज केली की आपला ४/९ मिळतो. त्याच जागी एक नियमही आहे. एक पंचमांशाचा दोन तृतीयांश हवा असेल तर पाचाची दुप्पट करा आणि सहापट करा. म्हणजे १/१० आणि १/३०. पडताळून पाहा, बेरीज २/१५ येते. ‘हिस्सा घ्या’ या कृतीचा सगळा भार या नियमात छेदावर टाकला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अंशाला कोणी हातही लावत नाही.

अरबी गणितात हीच गोष्ट बोलीभाषेत रुजली होती. अर्ध्यापासून दशांशापर्यंतच्या नऊ अपूर्णांकांना स्वतंत्र नावे होती आणि त्यापुढचे अपूर्णांक जमेल तिथे हिश्श्याचा हिस्सा म्हणून सांगत. एक बारांश म्हणजे सहाव्या भागाचा अर्धा. अकरांश किंवा तेरांश असे फोडता येत नसत, त्यामुळे ‘अकरा भागांपैकी एक भाग’ असे लांबलचक म्हणावे लागे.

सर्वांत स्वच्छ मांडणी भारतीय पाटीगणितात सापडते. अपूर्णांकांचे प्रश्न तिथे ‘जाती’ पाडून शिकवत, आणि हिश्श्याच्या हिश्श्याला प्रभागजाती अशी वेगळी जागा होती. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (इ.स. ६२८) अंशांचा गुणाकार छेदांच्या गुणाकाराने भागण्याचा नियम आहे. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये लीलावतीत तो अर्ध्या श्लोकात बसवला: ‘लवा लवघ्नाश्च हरा हरघ्ना भागप्रभागेषु सवर्णनं स्यात्’. लव म्हणजे अंश, हर म्हणजे छेद. अंशांनी अंश गुणा, छेदांनी छेद गुणा, म्हणजे भागाच्या भागाचा एकच अपूर्णांक होतो.

यामागचे कारण साधे आहे. एखाद्या गोष्टीचे तीन सारखे भाग केले आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा पाच सारखे भाग केले, तर मूळ गोष्टीचे पंधरा तुकडे होतात. एक तुकडा हा पाचांश आहे तो तिसऱ्या भागाचा. मूळ गोष्टीचा तो पंधरांश आहे. छेद गुणले जातात ते यामुळे.

नियमापाठोपाठ भास्कराचार्य जे उदाहरण देतात ते मुद्दाम लांब आहे. याचना करणाऱ्याला एका कंजूष माणसाने एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा एक चतुर्थांश दिला. तर त्याने किती कवड्या दिल्या? नाण्यांचे कोष्टक ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या.

नियमाने जायचे तर अंशांचा गुणाकार १ × २ × ३ × १ × १ × १ = ६ आणि छेदांचा २ × ३ × ४ × ५ × १६ × ४ = ७६८०. सहाने संक्षेप दिला की १/१२८० उरतो, म्हणजे बरोबर एक कवडी. पण मला याच उदाहरणात पायरीपायरीने उतरायला जास्त आवडते. १२८०चा अर्धा ६४०. त्याचा दोन तृतीयांश ४२६ पूर्णांक दोन तृतीयांश, इथे कवडी फुटते. त्याचा तीन चतुर्थांश ३२०. पाचवा भाग ६४, सोळावा ४, चौथा १. आता मधल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल करा: ६४०चा तीन चतुर्थांश आधी घेतला तर ४८०, आणि त्याचा दोन तृतीयांश ३२०. कवडी न फुटता त्याच जागी पोचलो. हिस्से कोणत्याही क्रमाने घेतले तरी शेवट बदलत नाही, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. शिवाय प्रत्येक पायरीवर आधार, म्हणजे ज्याचा हिस्सा घ्यायचा ती संख्या, बदलत जाते. पंचमांश घेतला तो ३२०चा, १२८०चा नव्हे.

शंभराच्या मापाने दर सांगण्याची रीतही जुनीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांवर दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले आहे, आणि लीलावतीतली व्याजाची गणितेही शेकड्यावरच चालतात. युरोपात ‘पर चेंतो’ हा शब्दप्रयोग इटालियन व्यापाऱ्यांच्या हिशेबांत रुळला. पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांत त्याची संक्षिप्त रूपे दिसतात आणि त्यांतूनच पुढे दोन वर्तुळांचे % हे चिन्ह घडले. यात सोय मोठी होती. सगळ्यांचा छेद एकच ठरल्यामुळे ३/८ मोठा की २/५, हे शोधत बसावे लागत नाही, ३७.५ आणि ४० शेजारी ठेवले की झाले. मात्र छेद सगळीकडे तोच असल्याने तो लिहायचीही गरज उरली नाही. तीस आणि वीस हे साध्या पूर्ण संख्यांसारखे दिसू लागले, आणि पूर्ण संख्या दिसल्या की हात बेरजेकडे किंवा वजाबाकीकडे वळतो. पन्नास आणि दहा ही उत्तरे इथून येतात.

भास्कराचार्यांच्या रीतीने लिहून पाहू. ३०/१०० चा २०/१०० म्हणजे ६००/१००००. सहाशे हे उत्तर कुठून आले ते इथे दिसते: अंश गुणले गेले, छेद विसरले गेले. दोन शंभरांचा गुणाकार दहा हजार होतो, आणि टक्क्यात परत यायचे तर त्यातला एकच शंभर छेदात ठेवायचा. म्हणून ६००ला एकदाच शंभराने भागायचे: सहा टक्के.

०.०६ टक्के ही चूक दशांश चिन्हासोबत आली. सायमन स्टेविनने १५८५मध्ये ‘दे थिंदे’ या छोट्या पुस्तिकेत दशांश अपूर्णांकांचे हिशेब पूर्णांकांसारखे कसे करायचे ते दाखवले. गुणाकारात तो स्थानांच्या खुणांची बेरीज करतो: दशांश गुणिले दशांश म्हणजे शतांश. त्याप्रमाणे ०.३ × ०.२ = ०.०६, आणि हे उत्तर अचूक आहे. पण ०.०६ हा एकूणाचा भाग आहे, म्हणजे सहा शतांश. शंभराने भागणे त्यात होऊन गेलेले आहे. त्यापुढे टक्क्याचे चिन्ह जोडले की शंभराने दुसऱ्यांदा भागले जाते आणि उत्तर शंभरपट लहान होते.

हे ताडून पाहायला एक संख्या पुरते. एकूण १५०० धरा. तीस टक्के म्हणजे ४५०. त्या ४५०चे वीस टक्के ९०. आता ९०ला पुन्हा १५००शी ताडून पाहा: ६ टक्के. ०.०६ टक्के खरे असते तर ९०च्या जागी ०.९ आले असते. पन्नास टक्के खरे असते तर ७५०, म्हणजे ज्यातून हिस्सा काढला त्या ४५०हूनही मोठी संख्या. दोन्ही दर शंभराच्या आत असतील तर उत्तर त्या दोघांहून लहानच यायला हवे. दहा टक्के हे उत्तर मात्र या चाळणीतून सुटते, म्हणून एवढ्यावर थांबू नये. संख्या घालूनच पाहावे.

आता राहिली एक अट, जी लिहिली न गेल्याने सगळ्यात जास्त घोळ होतो. वरचा गुणाकार चालतो तो वीस टक्के हे त्या तीस टक्क्यांच्या आतलेच मोजलेले असतील तर. १५०० जणांत ४५० जण एका गटात आहेत आणि सगळ्या १५००पैकी वीस टक्के, म्हणजे ३०० जण, डावखुरे आहेत, एवढेच ठाऊक असेल तर गटातले डावखुरे किती? ९० असे म्हणता येत नाही. ही संख्या शून्यापासून ३००पर्यंत काहीही असू शकते.

हा फरक नीट शब्दांत बांधला तो संभाव्यतेच्या अभ्यासकांनी. आब्राहाम द मुआव्रने ‘डॉक्ट्रिन ऑफ चान्सेस’च्या १७३८च्या आवृत्तीत एकमेकींवर अवलंबून असलेल्या दोन घटनांसाठी नियम दिला: पहिलीची संभाव्यता घ्या आणि पहिली घडून गेली असे मानल्यावर दुसरीची जी संभाव्यता उरते तिने तिला गुणा. दुसरा गुणक पहिल्याच्या आतला हवा, हाच याचा अर्थ. ४५०च्या गटात डावखुरे मोजले आणि ते १८० निघाले, तर गटातले प्रमाण ४० टक्के ठरते, आणि ३० टक्क्यांचे ४० टक्के म्हणजे एकूणाचे १२ टक्के. १५००चे १२ टक्के बरोबर १८०. डावखुरेपणाचा गटाशी काहीच संबंध नसेल तेव्हाच गटातले प्रमाण एकूणातल्या प्रमाणाच्या जवळपास, वीस टक्क्यांच्या आसपास, राहील आणि सहा टक्क्यांचा अंदाज ग्राह्य ठरेल. दोन टक्केवाऱ्या समोर आल्या की दुसरीचा शंभर कशाचा आहे, हे आधी विचारून घ्यावे लागते. ते सांगितलेले नसेल तर हिशेब पुढे नेता येत नाही.