रोख्याचे ड्युरेशन

रोख्याचे ड्युरेशन : व्याजदर बदलला तर रोख्याची बाजारातली किंमत किती हलेल, हे सांगणारे वर्षांत मोजले जाणारे माप. रोख्यातून मिळणारे सगळे पैसे हातात यायला सरासरी किती वर्षे लागतात, ते यातून कळते. ही सरासरी साधी नसते. पुढे मिळणाऱ्या प्रत्येक रकमेचे आजचे मूल्य, म्हणजे बाजारातल्या व्याजाने ती रक्कम उभी राहण्यासाठी आज गुंतवावे लागतील तेवढे पैसे, जितके, तितके वजन तिला दिलेले असते. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक मॅकॉले यांनी १९३८ साली ही कल्पना मांडली. केवळ मुदत पाहून रोख्याची ‘लांबी’ कळत नाही, ही त्यांची तक्रार होती आणि ती आजही तितकीच खरी आहे.

मुंबईच्या रोखेबाजारात हा शब्द रोजचा आहे. फोर्ट, नरिमन पॉइंट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँका, विमा कंपन्या आणि म्युच्युअल फंडांचे डीलर रिझर्व्ह बँकेच्या एनडीएस-ओएम या पडद्यावर सरकारी रोख्यांची, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘पेपर’ची, खरेदी-विक्री करतात. दर उतरणार असे वाटले की ते ‘ड्युरेशन वाढवतात’ आणि चढणार असे वाटले की ‘कमी करतात’.

मुळात किंमत का हलते, ते आधी पाहू. रोख्यावरचे व्याज, म्हणजे कूपन, रोखा काढतानाच ठरलेले असते आणि पुढे बदलत नाही. १०० रुपयांचा ७ टक्क्यांचा रोखा वर्षाला ७ रुपयेच देणार. उद्या बाजारात ८ टक्के मिळू लागले, तर जुना रोखा कोणी १०० रुपयांना घेणार नाही. कूपन वाढवता येत नाही, म्हणून किंमत उतरते. ती इतकी उतरते की नव्या खरेदीदारालाही ८ टक्के सुटावेत. बाजारातल्या या दराला ‘यील्ड’ म्हणतात. यील्ड वर गेले की किंमत खाली येते. किती खाली येते, हे ड्युरेशनवरून कळते.

तीन वर्षांचा एक रोखा घेऊ. कूपन ७ टक्के, व्याज वर्षातून एकदा आणि यील्डही ७ टक्के. पहिल्या वर्षअखेर मिळणाऱ्या ७ रुपयांचे आजचे मूल्य ६.५४ रुपये, दुसऱ्या वर्षाच्या ७ रुपयांचे ६.११ आणि शेवटी मुद्दलासकट येणाऱ्या १०७ रुपयांचे ८७.३४. बेरीज साधारण १०० होते, तीच रोख्याची किंमत. आता प्रत्येक मूल्याला त्याच्या वर्षाने गुणून बेरीज करायची आणि ती १०० ने भागायची. उत्तर येते २.८१ वर्षे. मुदत तीन वर्षांची असली, तरी काही पैसे आधीच परत येतात, म्हणून सरासरी तीनपेक्षा थोडी कमी. हे झाले मॅकॉले ड्युरेशन. त्याला १.०७ ने भागले की २.६२ येते. याला सुधारित ड्युरेशन म्हणतात आणि बाजारात कामाला येते ते हेच. याचा अर्थ, यील्ड १ टक्क्याने चढले तर किंमत सुमारे २.६२ टक्के उतरेल. प्रत्यक्ष गणित केले तर ८ टक्के यील्डला किंमत ९७.४२ येते, म्हणजे घट २.५८ टक्के. अंदाज जवळजवळ बरोबर आहे. उरलेला फरक का पडतो, ते पुढे येईल.

लांब मुदतीचे आणि कमी कूपनचे रोखे सर्वांत जास्त का हलतात, हे कळण्यासाठी कावडीचे चित्र उपयोगी पडते. तीस वर्षे लांबीची एक काठी आहे आणि तिला जागोजागी रकमा टांगल्या आहेत, असे समजा. कावड समतोल राहावी म्हणून खांदा जिथे द्यावा लागेल, ते ड्युरेशन. भारत सरकारचे रोखे सहामाही व्याज देतात, म्हणून तीस वर्षांच्या रोख्यात ६० कूपने टांगलेली आहेत आणि अगदी टोकाला मुद्दल.

यील्ड ७ टक्के धरले, तर या ६० कूपनांचा स्वतःचा समतोल १०.४ व्या वर्षाच्या आसपास साधतो. दूरच्या कूपनांचे आजचे मूल्य फार थोडे असते, म्हणून हा बिंदू मधोमध पंधराव्या वर्षी न पडता अलीकडे सरकतो. मुद्दलाचा बिंदू मात्र तिसाव्या वर्षीच आहे. तेव्हा रोख्याचे ड्युरेशन १०.४ आणि ३० यांच्या मध्ये कुठेतरी पडणार आणि नेमके कुठे, हे मुद्दलाचा वाटा किती यावर ठरणार.

कूपन ७ टक्के असेल तर रोख्याची किंमत १०० रुपये. त्यात मुद्दलाचे आजचे मूल्य फक्त १२.६९ रुपये असते, बाकी ८७ रुपये कूपनांचे. ड्युरेशन १२.९ वर्षे. कूपन निम्मे, म्हणजे साडेतीन टक्के केले, तर किंमत ५६.३५ रुपये होते. मुद्दलाचे १२.६९ तेवढेच राहतात, पण एकूण किंमतच घटल्यामुळे त्यांचा वाटा साडेबावीस टक्क्यांवर जातो. खांदा टोकाकडे सरकतो आणि ड्युरेशन १४.८ वर्षे होते. कूपन अजिबात नसेल, तर काठीवर मुद्दलाखेरीज काहीच उरत नाही. असा रोखा १२.६९ रुपयांना मिळतो आणि त्याचे ड्युरेशन पूर्ण ३० वर्षे असते. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘स्ट्रिप्स’च्या सोयीत सरकारी रोख्याची कूपने आणि मुद्दल वेगळी काढून विकता येतात, त्यामुळे हा शेवटचा प्रकार केवळ कागदावरचा नाही.

आता यील्ड ७ वरून ८ टक्क्यांवर गेले असे समजू. सात टक्क्यांचा रोखा ८८.६९ वर येतो, म्हणजे ११.३ टक्के घट. साडेतीन टक्क्यांचा ४९.१० वर, घट १२.९ टक्के. शून्य कूपनचा ९.५१ वर, घट २५.१ टक्के. मुदत तिघांचीही एकच, तरी नुकसानीत दुपटीहून जास्त अंतर पडते. जास्त कूपनचा रोखा लवकर लवकर पैसे परत करतो आणि ते नव्या, चढ्या दराने गुंतवता येतात. शून्य कूपनवाल्याचा एकही रुपया तिसाव्या वर्षापर्यंत मोकळा होत नाही. जुन्या दराच्या खोड्यात तो पुरा अडकलेला असतो.

इथे एक चूक नेहमी होते, तिच्याकडे थांबून पाहायला हवे. घट रुपयांत मोजली, तर १०० रुपयांच्या दर्शनी किमतीमागे ७ टक्क्यांचा रोखा ११.३१ रुपये गमावतो आणि साडेतीन टक्क्यांचा फक्त ७.२५. म्हणजे कमी कूपनचा रोखाच सुरक्षित, असा भास होतो. पण त्यात मुळात ५६ रुपयेच गुंतलेले होते. दादरच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेने एक लाख रुपये एका रोख्यात घातले आणि तिच्या शेजाऱ्याने तेवढेच दुसऱ्या रोख्यात, तर तुलना टक्केवारीनेच करायला हवी. डीलर मात्र दर्शनी रकमेवर हिशेब ठेवतो. यील्डमधल्या एका बेसिस पॉइंटला, म्हणजे टक्क्याच्या शंभराव्या भागाला, किती रुपये जातात, हे तो पाहतो. दोन्ही मापे बरोबर आहेत, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी वापरला की घोटाळा होतो.

मुदत वाढवत नेली तर ड्युरेशनही त्याच वेगाने वाढत जाईल, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. २०२३ च्या अखेरीस भारत सरकारने प्रथमच ५० वर्षांचा रोखा काढला. सात टक्के कूपन आणि सात टक्केच यील्ड धरले, तर तीस वर्षांच्या रोख्याचे सुधारित ड्युरेशन १२.५ येते आणि पन्नास वर्षांच्या रोख्याचे १३.८. मुदत वीस वर्षांनी वाढली आणि ड्युरेशन सव्वा-दीड वर्षाने. ७ टक्के दराने पन्नासाव्या वर्षी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ३ रुपये २१ पैसे एवढेच होते. कावडीच्या टोकाला टांगलेले इतके हलके ओझे खांदा फारसा सरकवू शकत नाही. कायम व्याज देणारा, मुद्दल कधीच परत न करणारा रोखा असेल, तर त्याचे सुधारित ड्युरेशन १४.३ च्या जवळ येऊन थांबते. साडेतीन टक्के कूपनचे रोखे तर ही पातळी आधीच ओलांडतात आणि मुदत फार वाढवली की पुन्हा तिच्याकडे खाली येतात.

व्याजदरच कमी असतात त्या देशांत चित्र पालटते. ऑस्ट्रियाने २०२० मध्ये शंभर वर्षांचा रोखा अवघ्या ०.८५ टक्के कूपनने विकला. कूपनइतकेच यील्ड धरले, तर त्याचे सुधारित ड्युरेशन सुमारे ६७ येते. एवढ्या कमी दरात शंभराव्या वर्षीचे मुद्दलही आज चाळीस रुपयांहून जास्त वजनाचे ठरते. पुढे युरोपातले दर चढले, तेव्हा हा रोखा निम्म्याहून खाली कोसळला. लांब मुदत, कमी कूपन आणि कमी यील्ड अशा तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या होत्या.

याच रोख्यावरून ड्युरेशनची मर्यादाही दिसते. ६७ हा आकडा शब्दशः घेतला, तर यील्ड १ टक्क्याने चढल्यावर किंमत ६७ टक्के उतरायला हवी. प्रत्यक्ष गणितात घट सुमारे ४५ टक्के येते. किंमत आणि यील्ड यांचा आलेख सरळ रेषा नसून आत वाकलेला असतो आणि ड्युरेशन म्हणजे त्या वक्राला एका बिंदूवर टेकवलेली सरळ पट्टी. बिंदूपासून दूर गेलो की पट्टी आणि वक्र यांत अंतर पडते. या वाकाला कॉन्व्हेक्सिटी म्हणतात. ती रोखेधारकाच्या बाजूची असते. आपला तीस वर्षांचा शून्य कूपनचा रोखा दर १ टक्क्याने चढल्यावर २५.१ टक्के गमावतो, पण तेवढाच दर उतरला तर ३३.७ टक्के कमावतो.

लहान बदलांना मात्र ही पट्टी पुरेशी असते. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो दर ४ वरून ४.४० टक्क्यांवर नेला. दहा वर्षांच्या रोख्याचे यील्ड त्याच दिवशी सुमारे पाव टक्क्याने चढले. अशा रोख्याचे सुधारित ड्युरेशन ७ च्या आसपास असते. सात गुणिले पाव, म्हणजे किमतीत पावणेदोन टक्के घट, हे कोणताही डीलर कागद-पेन्सिल न घेता सांगू शकत होता. रेपो दर ०.४० टक्क्याने वाढला आणि यील्ड पाव टक्क्यानेच, हेही लक्षात ठेवावे. हिशेबात रोख्याच्या स्वतःच्या यील्डमधला बदल घ्यायचा असतो, रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेला आकडा नव्हे. छोट्या आणि लांब मुदतींचे दर एकसारखे हलत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या मुदतींचे रोखे असलेल्या फंडाचे ‘सरासरी ड्युरेशन’ हा एकच आकडा, सगळे दर एकदम सारखेच सरकतात असे गृहीत धरून दिलेला असतो.

बदलत्या व्याजाच्या सरकारी रोख्यांना हा हिशेब तसाच लागू पडत नाही. त्यांचे कूपन दर सहा महिन्यांनी ट्रेझरी बिलांच्या, म्हणजे सरकारच्या अल्प मुदतीच्या कर्जाच्या, दरानुसार नव्याने ठरते, त्यामुळे किमतीला उतरून भरपाई करावी लागत नाही. असा रोखा परतफेडीला दहा वर्षे बाकी असूनही, दरांच्या बाबतीत जवळजवळ पुढच्या कूपनाच्या तारखेपुरताच लांब असतो.