कॅसच्या फॉर्ममधला वर्कलोड: 16, 30 आणि 40 हे आकडे नीट जुळवायचे कसे

कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची, फाईल परत येते तेव्हा लोकांना वाटतं रिसर्च पेपर कमी पडले किंवा रिफ्रेशर राहिला, पण मी आमच्या कॉलेजात आयक्यूएसीच्या कामात ज्या फायली बघतो त्यातल्या बऱ्याच वर्कलोडच्या पानावरच अडकतात. शिकवलेलं असतं, सुपरव्हिजन केलेलं असतं, रात्री पेपर तपासलेले असतात, आणि फॉर्ममध्ये बेरीज अशी मांडलेली असते की कमिटीला शंका येणारच. म्हणून फक्त या एका पानाबद्दल लिहितोय, असिस्टंट प्रोफेसर लेव्हल 10 वरून 11 ला जाणाऱ्यांसाठी. नियम यूजीसीचे 2018 चे, आणि आपल्याकडे ते 8 मार्च 2019 च्या जीआरने लागू झालेले.

पात्रता थोडक्यात. पीएचडी असेल तर 4 वर्षं सेवा, एमफिल असेल तर 5, दोन्ही नसेल तर 6. ओरिएंटेशन वगैरे कोर्सेसचं तुम्हाला माहीतच आहे. महत्त्वाचं हे की 4 वर्षांपैकी किमान 3 वर्षांच्या वार्षिक मूल्यमापनात (5 असतील तर 4, 6 असतील तर 5) ‘समाधानकारक’ किंवा ‘चांगला’ शेरा पाहिजे. म्हणजे एखादं वर्ष खराब गेलं तरी दार बंद होत नाही, पण दोन गेली तर होतं.

आता मुख्य गोंधळ. नियमात तीन आकडे आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. आठवड्याला कमीत कमी 40 तास काम, वर्षात 30 आठवडे म्हणजे 180 अध्यापन दिवस. रोज कमीत कमी 5 तास कॉलेजमध्ये हजर. आणि प्रत्यक्ष अध्यापन असिस्टंट प्रोफेसरला 16 तास, असोसिएट आणि प्रोफेसरला 14. हे तीन वेगळे ढीग नाहीत, एकाच 40 च्या आत 5 गुणिले 6 दिवस म्हणजे 30 तास कॉलेजातले, आणि त्या 30 च्या आत 16 लेक्चर्सचे. उरलेले 10 तास कॉलेजच्या बाहेर, म्हणजे तयारी, वह्या, पेपर. तयारी घरी केली म्हणून ती वर्कलोडमध्ये धरत नाहीत असं स्टाफरूममध्ये ऐकायला मिळतं, पण 40 आणि 30 मधला फरक कुठून भरायचा मग? तो तयारीतूनच भरतो, बिनधास्त लिहा.

एक आठवडा मांडून दाखवतो. अर्थशास्त्राची असिस्टंट प्रोफेसर, 60 मिनिटांचे 16 तास. रोजचे 2 तास विद्यार्थी मार्गदर्शन, लायब्ररी, उपक्रम वगैरे, हे नियमातच लिहिलेलं आहे, म्हणजे 6 दिवसांचे 12. झाले 28. डिपार्टमेंट आणि कमिटीच्या मीटिंगा मिळून 2, झाले 30, कॉलेजातली हजेरी इथे पूर्ण. तयारी 7 आणि तपासणी 3, एकूण 40. एवढं साधं आहे ते. पण लोकांना वाटतं 40 दाखवायचे म्हणजे लेक्चर्स वाढवून दाखवायची, मग 22-24 लिहितात, आणि टाइमटेबलमध्ये 16 च सापडतात. त्या एका खोट्या आकड्यामुळे पुढची खरी पानंसुद्धा संशयाने वाचली जातात. कृपा करून हे करू नका, 40 भरायला जादा लेक्चर्स लागतच नाहीत.

तासाबद्दल एक सावधगिरी. बऱ्याच कॉलेजांत पिरियड 48 मिनिटांचा असतो, म्हणजे 20 पिरियड झाले की 16 घड्याळी तास होतात. दोन्हीपैकी काहीही लिहा पण दोन्ही रकान्यांत एकच लिहा, आणि खाली एक ओळ टाका की पिरियड किती मिनिटांचा. एका मॅडमनी ‘नेमून दिलेले’ मध्ये 20 पिरियड लिहिले होते आणि ‘प्रत्यक्ष घेतलेले’ मध्ये 16 तास. एकही तास न चुकवता त्यांची टक्केवारी 80 दिसत होती, आणि वर्षभरात दोन-चार तास जरी राहिले असते तरी शेरा एक पायरी खाली गेला असता.

कारण अध्यापनाचा शेरा ठरतो या एकाच भागाकारावर, घेतलेले तास भागिले नेमून दिलेले तास. 80 टक्के किंवा जास्त म्हणजे चांगला, 70 ते 80 च्या खाली म्हणजे समाधानकारक, 70 च्या खाली असमाधानकारक. ट्युटोरियल आणि लॅबची सत्रंही यात येतात. 16 गुणिले 30 म्हणजे वर्षाला 480 तास, त्याचे 80 टक्के 384, आणि 70 टक्के 336. म्हणजे 96 तास बुडाले तरी ‘चांगला’ टिकतो. एवढी मोकळीक असताना लोक घाबरून शंभर टक्के लिहितात, आणि मग हजेरीपटात ज्या दिवशी सीएल आहे त्याच दिवशी लेक्चर घेतल्याची नोंद निघते.

सुपरव्हिजनवर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त राग इथेच येतो, आणि तो राग मला समजतो. इंटर्नल टेस्टच्या आठवड्यात वरच्या अर्थशास्त्राच्या मॅडमना 2 तासांच्या 3 ड्युट्या लागल्या, म्हणजे 6 तास, आणि त्यामुळे 4 लेक्चर्स गेली. त्या आठवड्याची बेरीज बघा: लेक्चर्स 12, मार्गदर्शन 12, सुपरव्हिजन 6, मीटिंग 2, तयारी आणि तपासणी 10, एकूण 42. म्हणजे काम जास्तच झालं, 40 हा कमीत कमी आकडा आहे, त्याच्या वर गेलं तर काही बिघडत नाही. पण लेक्चरच्या रकान्यात 16 पैकी 12 च येणार, सुपरव्हिजनचे 6 तास तिथे ढकलता येत नाहीत. असे 10 आठवडे गेले तरी 40 तास कमी होतात, 440 भागिले 480 म्हणजे 91.7 टक्के, शेरा ‘चांगला’च. जे घेतलं ते लिहा, आणि बुडालेले तास नंतर जादा घेतले असतील तर तारखेसह वेगळी नोंद ठेवा.

मग सुपरव्हिजन जातं कुठे? वार्षिक मूल्यमापनाच्या दुसऱ्या भागात, परीक्षा आणि मूल्यमापनाच्या कामात. आणि इथे कुणीच नीट सांगत नाही ती गोष्ट: तिथे तास मोजत नाहीत, प्रकार मोजतात. वर्षभर सुपरव्हिजन केलं, पेपर सेट केले, सेंट्रल असेसमेंटला जाऊन गठ्ठे तपासले, तरी हे सगळं मिळून एकच उपक्रम. ‘चांगला’ साठी किमान 3 वेगळे प्रकार लागतात, जसं परीक्षा, एनएसएस किंवा स्टडी टूरसारखं विद्यार्थ्यांचं काम, विभागप्रमुख वा कोऑर्डिनेटरची जबाबदारी, सेमिनार भरवणं, रिसर्च पेपर. 1 किंवा 2 असतील तर समाधानकारक, एकही नसेल तर असमाधानकारक. परीक्षा विभागात राबणाऱ्या लोकांवर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तरी घाबरू नका, अध्यापन ‘चांगला’ आणि दुसरा भाग ‘समाधानकारक’ असेल तर एकूण ‘चांगला’च धरतात. उलट बाजूने मात्र चालत नाही, अध्यापन ‘समाधानकारक’ असेल तर ड्युट्यांनी ते वर चढत नाही.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसलो त्या, मॅटर्निटी लीव्हवर गेलेल्या मॅडम. अशा वर्षाचा भागाकार बहुतेक जणी चुकीचा करतात, आणि वाईट म्हणजे ऑफिसवालेही तोच करून देतात. समजा वर्षाचे 480, त्यातला बराच काळ रजा, रजा सोडून उरलेल्या काळात 200 तास नेमून दिलेले आणि 176 घेतले. 176 भागिले 480 केलं तर 36.7 टक्के, म्हणजे असमाधानकारक, आणि मॅडम स्वतःच ठरवतात की हे वर्ष गेलं. नियमात स्पष्ट आहे की मॅटर्निटी, चाइल्ड केअर, स्टडी, मेडिकल अशा रजांचा आणि डेप्युटेशनचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, आणि उरलेल्या काळाचं मूल्यमापन पूर्ण वर्षाला लागू करायचं. म्हणजे 176 भागिले 200, 88 टक्के, ‘चांगला’. फॉर्मखाली हा भागाकार लिहून दाखवा, रजा मंजुरीच्या ऑर्डरची कॉपी लावा, आणि ऑफिसने ऐकलं नाही तर ती तरतूद प्रिंट काढून सोबत जोडा. बाळंतपणामुळे प्रमोशन वर्षभर मागे जावं असं कुठेच लिहिलेलं नाही.

कागदपत्रांत नेमणुकीची ऑर्डर, कोर्सेसची सर्टिफिकेट्स वगैरे सगळ्यांकडे असतात. नसतो तो त्या वर्षीचा सही-शिक्क्याचा टाइमटेबल. जून-जुलैत एक लागतो, सीएचबीवाले आले की दुसरा, दुसऱ्या सेमिस्टरला तिसरा, आणि वर्ष संपलं की सगळे रद्दीत. मग आज 5 वर्षांपूर्वीच्या वर्कलोडचं सर्टिफिकेट प्राचार्यांकडून घेतात, आणि कमिटी विचारते हे कशावरून दिलं. टाइमटेबल बदलला की त्याच आठवड्यात वैयक्तिक टाइमटेबलवर विभागप्रमुखांची सही घ्या आणि कोणत्या तारखेपासून लागू ते लिहून घ्या. ज्यांच्याकडे जुना नाहीच त्यांनी डेली डायरी, विद्यार्थ्यांची हजेरी रजिस्टरं आणि विभागाचं वर्कलोड स्टेटमेंट एकत्र लावावं, तिन्ही जुळले तर प्राचार्यांच्या सर्टिफिकेटला आधार मिळतो. सुपरव्हिजनची ऑर्डर परीक्षा विभाग सहसा बोर्डावर लावतो आणि काढून टाकतो, म्हणून लागली की मोबाईलवर फोटो काढा आणि परीक्षा संपल्यावर सही असलेली कॉपी मागून घ्या. इलेक्शन ड्युटी लागली असेल तर तिची ऑर्डर आणि कार्यमुक्तीचं पत्र, दोन्ही ठेवा.

तारखेबद्दल शेवटचं. अर्ज पात्रता तारखेच्या 3 महिने आधी देता येतो, पात्र झाल्यावरच द्यायचा असं नाही. आणि एकदा कमिटीच्या मूल्यमापनात नापास झालात तर पुन्हा मूल्यमापन वर्षभरानंतरच होतं. म्हणून जर शेवटच्या वर्षाचं वर्कलोडचं पान अजून जुळत नसेल तर आधी ते जुळवा, कमिटीसमोर जाऊन बघू असं करू नका. फाईल देताना सगळ्या पानांना नंबर घाला, आणि आवक नंबर आणि तारीख टाकलेली पोच स्वतःकडे ठेवा, कारण ‘तुमची फाईल आलीच नाही’ हे वाक्य मी ज्यांच्याकडे पोच नव्हती त्यांनाच ऐकताना पाहिलंय.