छातीच्या फोटोतला डाग: जुना की चालू?

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला आणि एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये. तरी पुढची कित्येक दशके निदानात शब्द चालला तो फोटोचाच. सॅनेटोरियममध्ये पोकळी दिसली की छातीत हवा भरून फुप्फुस दाबून ठेवत, आणि पोकळी मिटली का हे बघायला पुन्हा फोटो काढत.

या विश्वासाला तडा गेला दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाने तेच फोटो अनेक तज्ज्ञांना वाचायला दिले, तर मते जुळेनात. काही काळाने तोच फोटो पुन्हा दिला, तर डॉक्टर स्वतःच्याच आधीच्या मताशी फारकत घेई. भारतात १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून थुंकीच्या तपासणीला महत्त्व आले आणि १९९७ नंतर तीच निदानाचा पाया ठरली.

अडचण फोटोच्या स्वभावातच आहे. जुना व्रण आकसतो, म्हणून श्वासनलिका त्या बाजूला ओढली जाते, रेषा टोकदार दिसतात, कॅल्शियमचे ठिपके असतात. चालू आजारात पोकळीची भिंत जाड असते आणि भोवती धूसर, कापसासारखे डाग दिसतात. पण बरा झालेला माणूसही पोकळी घेऊन जगतो. जंतू जिवंत आहे का, हे फोटो सांगत नाही.

समजा, पंधरा वर्षांपूर्वी कोर्स पूर्ण केलेले गृहस्थ खोकला आणि बेडक्यात रक्त घेऊन आले. फोटोत उजवीकडे वर पोकळी आहे. पहिले काम म्हणजे घरातला जुना फोटो मागवणे. सहा महिन्यांहून जुन्या फोटोत तंतोतंत तेच असेल तर संशय कमी होतो, पण संपत नाही. मग बेडका तपासायचा, शक्यतो सकाळचा. लाळ चालत नाही. सूक्ष्मदर्शकाला एका मिलिलिटरमध्ये सुमारे १०,००० जंतू लागतात, सीबीनॅटला शंभर-दीडशे पुरतात. गोव्यातल्या कंपनीचे ट्रूनॅटही याच जातीचे, जंतूचा डीएनए शोधणारे.

इथेच आधी उपचार घेतलेल्यांची गोची होते. मेलेल्या जंतूंचा डीएनएही यंत्राला सापडतो, म्हणून अगदी क्षीण पॉझिटिव्ह आले की लगेच औषधे सुरू करण्याऐवजी कल्चर लावणे शहाणपणाचे. कल्चरमध्ये जिवंत जंतूच वाढतो. द्रव माध्यमात निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावे लागते. तब्येत ढासळत असेल तर तेवढी वाट पाहत नाहीत. मॉन्टू ही त्वचेवरची किंवा इग्रा ही रक्ताची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण एकदा संसर्ग झाला की त्या बरे झाल्यावरही पॉझिटिव्ह राहू शकतात.

या गृहस्थांचे सीबीनॅट आणि कल्चर दोन्ही निगेटिव्ह आले, तर रक्त कुठून? सीटी स्कॅनमध्ये पोकळीत गोळा आणि त्यावर हवेची चंद्रकोर दिसली, आणि पालथे झोपवल्यावर गोळ्याने जागा बदलली, तर तो बहुधा जुन्या पोकळीत वाढलेल्या ॲस्परजिलस बुरशीचा. मग त्या बुरशीच्या अँटिबॉडीची तपासणी करतात. टीबीच्या औषधांनी तो जात नाही.