जुन्या फोटोतली चमकी आणि साखळी: हीलिंग ब्रश की क्लोन स्टॅम्प?

जी व्यक्ती आता चमकी किंवा साखळी घालत नाही, तिच्या जुन्या फोटोतून ते दागिने काढायचे झाल्यास फोटोशॉपमधली हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टॅम्प ही दोन साधने पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोन्हींत Alt दाबून नमुना घ्यायचा आणि मग ब्रश फिरवायचा असल्यामुळे ती सारखीच वाटतात. मात्र क्लोन स्टॅम्प नमुन्याची जागा जशीच्या तशी उमटवतो, तर हीलिंग ब्रश नमुन्यातून केवळ पोत घेतो आणि रंग व उजेड ब्रश फिरलेल्या भागाच्या कडेला जे असेल त्याच्याशी जुळवतो.

नाकपुडीच्या फुगीर भागावरची चमकी हे हीलिंग ब्रशचेच काम आहे, कारण तिथे उजेड हळूहळू बदलतो आणि क्लोन केलेला ठिपका चिकटवल्यासारखा दिसतो. ब्रश चमकीपेक्षा किंचित मोठा घ्यावा आणि चमकी, तिच्यावरची चकाकी व खाली पडलेली सावली हे सारे एकाच फटकाऱ्यात झाकावे. सावलीचा तुकडा बाहेर राहिला, तर कडेचा रंग म्हणून तोच आत ओढला जातो आणि नाकावर करडा डाग उमटतो. हा डाग पुन्हापुन्हा ब्रश फिरवून जात नाही. मागे जाऊन फटकारा नव्याने मारणेच सोपे पडते.

साखळीचे तसे नाही. गळ्यावर ती मोकळ्या त्वचेवरून जाते, पण पुढे ब्लाउजच्या काठाखाली शिरते, आणि तिथे हीलिंग ब्रश लावला की कापडाचा गडद रंग त्वचेत पसरतो. म्हणून आधी मूळ स्कॅनवर एक कोरा लेयर घ्यावा, दोन्ही साधनांना Sample: Current & Below ठेवावे, आणि साखळी काठाला भिडते तेवढाच भाग लहान, बऱ्यापैकी कडक क्लोन स्टॅम्पने, काठालगतच्याच त्वचेचा नमुना घेऊन तोडावा. दोन्ही टोके अशी सुटी झाल्यावर उरलेल्या साखळीवरून हीलिंग ब्रशचा एकच सलग फटकारा मारावा. तुकड्यातुकड्याने गेल्यास प्रत्येक फटकाऱ्याचे टोक शिल्लक साखळीला टेकते आणि तिथे काळसर फराटा येतो. नमुना साखळीच्या अगदी शेजारून, शक्यतो तितक्याच उजेडातल्या त्वचेवरून घ्यावा.

जुन्या फोटोला दाणा असतो, हेही विसरू नये. मऊ कडांच्या हीलिंग ब्रशने तो कडेला पुसट होत असल्यास ब्रशचा Mode Replace करून पाहावा. क्लोनची चूक वेगळी असते: एकच तीळ किंवा ओरखडा दोनदा दिसतो. दोन्ही चुका १०० टक्के झूमवर सहज पकडता येतात.

कानातल्यासाठीही हाच क्रम चालतो, फक्त पाळीच्या बाह्यरेषेवर क्लोन स्टॅम्पच वापरावा. टोचलेले भोक मात्र राहू द्यावे, कारण दागिना सोडला तरी ते बहुधा दिसतेच.